आईचा चहा आणि माझी फौजदारी

मी केदारखेड्याला प्राथमिक शाळेत मास्तर होतो आणि मला फौजदार व्हायचं होतं. आईनं राजूरच्या गणपतीला परस्पर सांगून टाकलं, पोरगं फौजदार होईस्तोर मी चहाला तोंड लावणार न्हाई. मला विचारलं सुद्धा नाही. आणि चहा म्हणजे आईचा जीव की प्राण. नवस तिचा, पळायचं मी.

पहिल्या वेळी पूर्वपरीक्षेतच उडालो. लोक म्हणाले, सोड नाद, नोकरी हाय ना. मी ऐकलं नाही आणि ते बराबरच होतं. कारण पुढच्या वेळी पूर्व निघाली, मुख्य राहिली. त्याच्या पुढच्या वेळी मुख्यही निघाली आणि मी मैदानी चाचणीपर्यंत गेलो. दरवेळी एक पायरी वर चढत होतो. अशा वेळी सोडणारा येडाच म्हणायचा.

पण मैदानावर घोडं अडलं ते अडलंच. पळताना उजवा गुडघा धरायचा. पुढच्या वर्षी पुन्हा तिथंच, गुण आणखी कमी. त्याच्या पुढच्या वर्षी त्याहून कमी. मी मात्र "अजून एकदा" म्हणत राहिलो. जिद्द होती का सवय लागली होती, हे तेव्हा कळत नव्हतं. खरं सांगायचं तर डोक्याचा पार भुगा झाला होता. सोडावं म्हटलं की वाटायचं, पुढच्याच वर्षी झालो असतो तर? करावं म्हटलं की पहाटे गुडघाच उठू देईना.

बायको माझ्यासारखी गोल गोल बोलत नाही. एकदा गुडघा शेकता शेकता म्हणाली, "आज पहिल्यांदा कुणी इचारलं, ह्या गुडघ्यावर फौजदारी करता का, तर हो म्हणताल का?"

मी चिडलो. "इतकी वर्षं घातली त्याचं काय?"

"ती गेली. ती काय परत येणार हायेत का? अजून किती घालायची तेवढं आपल्या हातात हाय."

मी शेकायचं फडकं बाजूला फेकून उठलो. तरी शेवटी दोघांनी मिळून ठरवलं. जालन्याच्या डॉक्टरांना गुडघा दाखवायचा, सरावाची पद्धत बदलायची आणि एकदाच बसायचं. मैदानावरचे गुण वाढले तर पुढं, नाही वाढले तर बंद. निकालाच्या आधी ठरवायचं, हा तिचा हट्ट. म्हणाली, "निकाल लागल्यावर तुमचं मन वकील होतंय."

झालंही तसंच. डॉक्टरांनी पळणं कमी करायला सांगितलं, मी केलं, व्यायाम बदलला, आणि तरीही गुण होते तिथंच राहिले. घरी येता येता मी मनात म्हणत होतो, कमी तर नाही ना झाले? म्हणजे गुडघा सुधारतोय. बायको फक्त म्हणाली, "ठरलं होतं."

मी बंद केलं. हलकं वाटेल असं वाटलं होतं, पण तसं काही झालं नाही. पहाटे जाग यायची आणि करायला काही नसायचं. मला वर्दी हवी होती का नुसतं मास्तरकीच्या पुढं जायचं होतं? पुढं जायचं तर बीएड करून हायस्कुलात जाता येत होतं, त्याला गुडघा लागत नव्हता. हे आधी का सुचलं नाही, कोण जाणे.

आईला सांगायचं राहिलं होतं. सांगितलं तशी ती चुलीकडं बघत म्हणाली, "मंग मी चहा कशापायी सोडला रे?"

गेलं ते गेलं, हे बायकोचं उत्तर माझ्या ओठांवर होतं, पण ते आईला देववेना. मला रडू आलं. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मग चतुर्थीला स्वतःच राजूरला चल म्हणाली. गणपतीसमोर हात जोडून म्हणाली, "देवा, पोरगं थकलं. माझी जबान माघारी दे."

बाहेर टपरीवर मी तिला चहा दिला. दोन घोट घेऊन तिनं कप खाली ठेवला. "चव गेली बघ त्याची. सुटला ते बरंच झालं." मला इतकं बरं वाटलं की परतताना मी बीएडचं बोलत बसलो. चहा काय आणि फौजदारी काय, सोडलं की माणसाला त्याची गरज राहत नाही, असं मीच तिला समजावलं. ती हूं हूं करत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. आई पाठमोरी बसली होती. बशीत चहा ओतून, डोळे मिटून, फुरके मारीत पीत होती. बशी संपली तशी तिनं पातेल्यातला उरलेला चहाही ओतून घेतला.

मी पाणी न पिताच मागं फिरलो. फौजदारी सोडली ते बरं केलं का वाईट, ह्याचा माझा हिशोब अजून लागलेला नाही. पण त्या सकाळी एवढं कळलं, की मी "अजून एकदा" म्हटलं असतं तर चहावाचून आणखी एक वर्ष काढायला तिनंही तेच म्हटलं असतं.