पोकळ वाजणारी फरशी

नवरा गेल्यावर मिस्त्रीणबाईंनी त्याची थापी हातात घेतली आणि फरश्या बसवण्यातच उमर घालवली. बोलणं तिखट, पण काम चोख.

त्या दिवशी एका स्वयंपाकघरात ओट्यासमोरची फरशी ठोकताच पोकळ वाजली. घरातली बाई हळूच म्हणाली, "ह्यांनी मला कुकर फेकून मारला होता. मी वाकले आणि तो इथे आदळला."

मिस्त्रीणबाईंनी पिशवीतून छिन्नी-हातोडा काढला. त्यांनी सांधे खरवडले, फरशी अलगद उचलली, खालचा जुना सिमेंटचा थर छिन्नीने काढला आणि धूळ पुसली. मग टाइलचा गम कालवून दातेरी थापीने जमिनीवर ओढला, फरशीच्या पाठीलाही चोपडला आणि रबरी हातोड्याने ठोकून ती बसवली. "उद्यापर्यंत पाय ठेवायचा नाही," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात त्या बाईचा नवरा आला आणि सरळ फरशीवर चढला.

"अहो, ओली आहे!" बायको म्हणाली.

"माझ्या घरात मला शिकवतेस?" त्याने तिचे केस धरून डोकं भिंतीवर आपटलं. रक्त ओघळलं. त्याने पुन्हा आपटायला हात मागे घेतला, तेव्हा मिस्त्रीणबाईंनी छिन्नी ठोकायचा लोखंडी हातोडा त्याच्या कोपरावर घातला. हाड मोडल्याचा आवाज झाला. तो धावून आला, तसा दुसरा घाव गुडघ्यावर बसला आणि तो किंचाळत कोसळला.

शेजाऱ्यांनी बोलावलेले पोलीस आले तेव्हा बायकोने कपाळावर फडकं दाबून सगळं खरं सांगितलं. संध्याकाळी ती बहिणीकडे निघून गेली, ती परत आलीच नाही.