चार मिनिटं बारा सेकंद

त्याला सगळे मास्तर म्हणत. शाळेत त्याने कधी शिकवलं नव्हतं, तो व्हिडिओ जोडायचा. पण गिऱ्हाइकांकडे तो ज्या नजरेने बघायचा, ती नजर नापास मुलांसाठीच असते. जिना चढून वर एक खोली, दोन पडदे, एक फिरती खुर्ची आणि गिऱ्हाइकासाठी मुद्दाम डुगडुगणारं एक स्टूल.

गिऱ्हाइकांचे अभिप्राय त्याला तोंडपाठ होते. ‘छान आहे, पण मधे कुठेतरी जरा ढिलं वाटतं.’ ‘मधे म्हणजे कुठे?’ ‘मधे म्हणजे... ते निळ्या साडीनंतर.’ फिल्ममध्ये निळ्या साड्या सहा. एका घराने अठरा वेळा बदल करवून एकोणिसाव्या खेपेला सांगितलं होतं, ‘पहिलाच बरा होता हो.’ त्या दिवसापासून त्याने नियम भिंतीला चिकटवले. अभिप्रायाच्या फक्त दोन फेऱ्या. सगळ्या घराचं म्हणणं एकाच माणसाने गोळा करून पाठवायचं. तक्ता भरायचा: मिनिट-सेकंद, चित्रात काय दिसतं, काय करायचं. पडद्याच्या कोपऱ्यात वेळ पळत असते, ती बघून लिहायचं. एवढंही ज्यांना जमत नाही, ते संसार कसे करतात याचं त्याला खरोखर नवल वाटे.

या खेपेला वडिलांच्या ऐंशीव्या वाढदिवसाची फिल्म होती. रविवारी हॉलमध्ये दाखवायची. गोळा करणारी धाकटी बहीण, नीटस बाई. पहिला कट, म्हणजे फिल्मची पहिली जोडणी, मास्तर स्वतःपुरताच ठेवायचा; घरच्यांना दुसरा कट गेला. त्यावर तिने पहिल्या फेरीत तक्ता इतका स्वच्छ भरला की मास्तरला जवळजवळ आदर वाटला. त्याप्रमाणे सुरुवातीची लांबण काढून त्याने तिसरा कट पाठवला.

बुधवारी थोरल्या भावाचा निरोप थेट आला: ‘४:१२ ते ४:२३ काढून टाका. फार वाईट दिसतं.’ नियमाने तो बहिणीमार्फत यायला हवा होता. चित्रात काय दिसतं, तेही लिहिलेलं नव्हतं. पण दादासारख्या माणसाने चक्क सेकंद लिहिले, या आनंदात मास्तर विरघळला. त्याने ४:१२ लावलं. पडद्यावर यांची आई खळखळून हसत होती. आई जाऊन सोळा वर्षं झालेली, आणि तिचं हलतं चित्र एवढंच, अकरा सेकंदांचं.

‘घ्या!’ मास्तर खुर्चीत फिरला. ‘आईसुद्धा वाईट दिसते यांना. धन्य आहे खानदान!’ आणि तुच्छतेने कात्री चालवून त्याने चौथा कट पाठवून दिला. विचारायला एक फोन पुरला असता, पण असल्या लोकांशी बोलायचं काय?

शुक्रवारी सकाळी बहीण जिना चढून आली, मागे धापा टाकत दादा.

‘मास्तर, आई कुठे गेली?’

‘दादांना विचारा, ताई. त्यांचंच फर्मान आहे.’

‘माझं?’ दादा स्टुलावर बसला आणि लगेच उठला. ‘अहो, मी मामाला काढा म्हटलं! तोंड वासून जांभई देतोय. आईला कोण काढेल?’

‘दादा, तू ते मला का नाही कळवलंस?’

‘तू दहा प्रश्न विचारत बसतेस.’

‘दाखवा मोबाईल,’ मास्तर म्हणाला. दादाच्या मोबाईलवर ४:१२ला खरंच मामा होता, घशापर्यंत उघडा. तो दुसरा कट होता. तिसऱ्यात सुरुवातीचे चाळीस सेकंद गेले, तसा मामा ३:३२ वर सरकला आणि त्याच्या जागी आई आली.

‘जुना कट बघत बसलात! फाइलच्या नावात आकडा होता ना?’

दादाने नाव दाखवलं. फाइल चुलतभावाकडून फिरून आली होती, आणि वाटेत मोबाईलने तिला स्वतःचंच लांबलचक नाव ठेवलं होतं. कटाचा आकडा गायब.

‘मग कळायचं कसं?’ बहिणीने शांतपणे विचारलं. ‘वेळ चित्रावर छापता, तसा आकडाही तिथेच छापता येत नाही का, मास्तर?’

मास्तरने तोंड वासलं. मामाला त्या क्षणी जोडीदार मिळाला.

‘येतो,’ तो शेवटी म्हणाला. इतकं कडू औषध त्याने कधी घेतलं नव्हतं. दहा मिनिटांत मामा गेला, आई परतली, कोपऱ्यात ‘कट ५’ ठसठशीत उमटलं. बहिणीने तिथेच उभं राहून फिल्म सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिली. आईपाशी तिने नाक ओढलं. मग ‘मान्य’ असं लिहून दिलं.

‘संगीत जरा...’ दादाने सुरुवात केली.

‘दादा!’ बहीण आणि मास्तर एकदमच.

‘बरं, बरं. पण हे जुने कट मी अकरा जणांना पाठवलेत. सगळे आता सूचना देतील.’

मास्तरने त्याच्याकडे पाहिलं, अगदी मूळच्या, निखळ, तृप्त तुच्छतेने. मग दार उघडून जिना दाखवला. खालच्या पायरीवर बसून दादा ओरडत होता, ‘हॅलो, आत्या? ते पुसून टाका. नाही, मोबाईल नाही, फिल्म!’