पिशवीत मावणारं व्हायोलिन

आमच्या मंडळाच्या गणपतीत निवेदन मी करतो. करतो म्हणजे, दुसऱ्या कोणी माईकला हात लावलेला मला खपत नाही. दिल्लीत सरोजिनी नगरच्या नव्या टॉवरांमध्ये राहणारी मराठी कुटुंबं वर्षभर मंत्रालयांत फायली हलवतात आणि गणपतीचे दिवस माझे विनोद सहन करतात. करोल बागेत यूपीएससीची तयारी करणारी मुलं मोदकांसाठी येतात आणि सगळ्यात मोठ्याने हसतात. असा प्रेक्षक मिळाला की माझं डोकं जागेवर राहत नाही.

गेल्या वर्षी मला एक झकास प्रवेश सुचला होता. मी भाजीची कापडी पिशवी घेऊन स्टेजवर यायचं. बायकोने मेथी आणायला पाठवलं होतं, असं रडगाणं गायचं. मग मेथीची जुडी बाहेर काढायची, कोथिंबीर काढायची आणि तिसऱ्यांदा हात घातला की, व्हायोलिन! ते मुलीच्या हाती द्यायचं आणि तिने आरतीची चाल वाजवायची. पिशवी आमच्या घरातलीच होती आणि मुलीचं व्हायोलिन त्यात अगदी मेथीच्या पानांखाली दडून बसत होतं.

मुलीचं व्हायोलिन पाव होतं. लहान मुलांची व्हायोलिनं लहान मापांत येतात. दुकानात त्यांना वन-एट्थ, क्वार्टर, हाफ, थ्री-फोर्थ म्हणतात. आमच्या घरी मी अर्धपाव, पाव, अर्धं, पाऊण म्हणतो. त्यावर मुलगी विचारते, "बाबा, पाऊण म्हणजे?" दिल्लीत वाढलेल्या पोरीला हा शब्द व्हायोलिनमुळे तरी मिळाला. ही नुसती नावं, बरं का. पाव व्हायोलिन काही पूर्ण व्हायोलिनच्या चतकोर नसतं. पाव आणि अर्धं शेजारी ठेवली तर लांबीत दोन-तीन बोटांचाच फरक.

या दोन-तीन बोटांनी माझा घात केला.

शिकवणाऱ्या मिसच्या क्लासात एक पद्धत आहे. मुलं वाढत राहतात, दर दीड-दोन वर्षांनी नवं व्हायोलिन कोण घेणार? म्हणून एकाला लहान पडलेलं व्हायोलिन त्याच्याहून लहान मुलाकडे जातं. हात वाढला की वरचं घ्यायचं आणि हातातलं खाली द्यायचं. सरकारी क्वार्टरसारखंच. वरच्या टाइपचं घर मिळालं की खालचं सोडायचं, म्हणजे रांगेतला पुढचा आत येतो. आणि घर मिळूनही जुनं न सोडणारे महाभागही असतात. त्यांच्यावर मी ऑफिसात भाषणं दिलेली आहेत.

त्या उन्हाळ्यात मिस आईच्या आजारपणासाठी कोलकात्याला गेल्या. जाताना सगळ्या पालकांना सांगून गेल्या, "नापते रहिए. जिसका हाथ आगे निकल जाए, उसका वायलिन नीचे." मापायची रीतही दाखवली. व्हायोलिन हनुवटीखाली धरायचं आणि डावा हात त्याच्या बाजूने पुढे लांब करायचा. व्हायोलिनचं टोक गोगलगायीसारखं वळलेलं असतं. ते तळहातात बसलं, बोटं त्याच्याभोवती सहज मिटली आणि कोपर किंचित वाकलेलं राहिलं, तर माप बरोबर. कोपर ताठ करून ओढूनताणून पोचावं लागलं तर मोठं. टोक मनगटापाशीच संपलं आणि पंजा पुढे निघून गेला, तर लहान.

शाळा सुरू झाल्यावर मी मुलीचं माप घेतलं. टोक मनगटाशी आणि पंजा पुढे, मोकळा.

"बाबा, मी मोठी झाले!" ती ओरडली.

तिच्यासाठी अर्धं व्हायोलिन घरात आलेलंही होतं. क्लासातल्या एका मुलाच्या वडिलांची हैदराबादला बदली झाली होती, त्याने जाताना दिलं होतं. दिवाणाच्या खणात, गोधड्यांवर ठेवलं होतं. मी ते काढलं. मुलीला अगदी चपखल बसलं. मग मी ते पिशवीत घातलं.

डोकं बाहेर. मेथीच्या वर, पहिल्या रांगेतून सरळ दिसेल असं. प्रवेश संपला.

"गणपती झाल्यावर बदलू," मी म्हणालो. "आता चाल बसलीय हाताला, उगाच घोळ नको."

बायको दारातून पाहत होती. "चालीसाठी की पिशवीसाठी?"

"तू ना, बिल्कुल कलेची शत्रू आहेस," मी म्हणालो आणि अर्धं परत गोधड्यांवर ठेवलं.

आता रांगेतला पुढचा नंबर. आमच्याच टॉवरमध्ये खालच्या मजल्यावर अहिल्यानगरकडच्या एक ताई राहतात, सेक्शन ऑफिसर आहेत. त्यांची मुलगी आमच्या मुलीहून लहान, पण भराभर उंच झालेली. ती अर्धपाव व्हायोलिनवर होती आणि आमच्या पावाची वाट पाहत होती. लहान व्हायोलिनवर बोटांना जागा पुरत नाही. दोन सूर शेजारी लागले की दुसरं बोट ठेवायला पहिलं उचलावं लागतं. नाही उचललं तर बोट पुढे सरकतं आणि सूर चढतो. संध्याकाळी लिफ्टमधून उतरताना मला ते चढे सूर ऐकू यायचे. त्यानंतर ताईंचा आवाज, "परत!" त्यानंतर रडणं.

एकदा ताईंनी गेटपाशी गाठलं. त्या चर्चमध्ये गातात, कान पक्का आहे. म्हणाल्या, "भाऊ, हिचा सूर गेला हो. आधी बरी वाजवायची. गणपतीत एकदा वाजवू दे, मग बंदच करू म्हणते. रोज रडून कशाला वाजवायचं?" आणि जाता जाता, "तुमच्याकडचा हात आला का?"

एवढाच तर प्रश्न होता. मी काय म्हणालो?

"अजून थोडा यायचाय, ताई."

हे वाक्य बोलताना माझ्या चेहऱ्यावर सज्जनपणाचा जो भाव होता, तो अभिनय म्हणून उत्कृष्ट होता. घरी जाऊन मी आरशात पाहिला नाही.

गणपतीतली ती संध्याकाळ. ताईंच्या मुलीचा कार्यक्रम आमच्या आधी होता. मी तिची ओळख करून दिली, ती उभी राहिली आणि वाजवू लागली. दुसऱ्याच ओळीत सूर चढला. तिला ते कळलं, तिने बोट मागे घेतलं, तर ते शेजारच्या बोटावर चढलं. पुन्हा सुरुवात, पुन्हा तिथेच. लोक टाळ्या वाजवून धीर देत होते. ती मधेच थांबली, नमस्कार केला आणि खाली उतरली. ताईंनी व्हायोलिन पेटीत ठेवलं आणि चेन ओढली. तो आवाज मला माईकपाशी ऐकू आला.

आणि लगेच मला पिशवी घेऊन जायचं होतं.

गेलो. काय करणार, मंडळी बसली होती. मेथी काढली, कोथिंबीर काढली, व्हायोलिन काढलं. करोल बागेची मुलं खुर्च्यांवरून पडायची बाकी राहिली. सगळ्यात उशिरापर्यंत कोण हसत होतं? ती छोटी. गालांवर अजून ओल होती आणि माझ्या विनोदाला पोट धरून हसत होती. इतकी वाईट दाद मला आयुष्यात मिळालेली नाही.

प्रसादाच्या वेळी ताई आल्या. "छान झाला तुमचा प्रवेश. आमचं आज शेवटचं. हे अर्धपाव आता कोणाला द्यायचं ते मिसना फोनवर विचारून सांगा."

मी तोंड उघडलं. पण माझ्याआधी माझी मुलगी बोलली, तोंडात मोदक असूनही.

"काकू, पण माझं घ्या ना आता. माझा हात तर केव्हाच पुढे गेलाय. बाबांची पिशवी व्हायची होती ना, म्हणून थांबलो."

"पिशवी?" ताई म्हणाल्या.

मी पिशवीकडे पाहिलं. ताईंनीही पाहिलं. मेथी कोमेजली होती.

"ताई, चूक माझी," मी म्हणालो. "तिचा सूर गेलेला नाही. व्हायोलिन लहान पडलंय. मला ठाऊक होतं."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मुलीला हाक मारली, आमचं पाव तिच्या हनुवटीखाली ठेवलं आणि म्हणाल्या, "हात लांब कर." टोक तळहातात बसलं. बोटं त्याच्याभोवती मिटली. कोपर किंचित वाकलेलं. कोणाला काही समजावून सांगायची गरज उरली नाही.

"वाजव," मी उत्साहाने म्हणालो. मला लगेच सुखान्त हवा होता.

तिने वाजवलं आणि आता सगळे सूर उतरलेले. बोटांना दाटीवाटीची सवय, इथे जागा मोठी. तिचा चेहरा पडला. "मला येतच नाही," ती म्हणाली. हेही माझंच कर्तृत्व. वेळेवर बदललं असतं तर ती सवय एवढी मुरली नसती.

"तसं नाही गं," माझी मुलगी म्हणाली. "थोडी लांब लांब ठेव. अजून. हां, चलो, आता ऐक." एक सूर लागला. फक्त एक. छोटीने तोच पुन्हा वाजवून पाहिला.

ताई ऐकत होत्या. "दिवाळीपर्यंत बघू," त्या मुलीला म्हणाल्या. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मेथी तेवढी घरी द्या. वहिनी वाट बघत असतील."

दिवाळीपर्यंत मी लिफ्ट सोडून जिन्याने उतरू लागलो, त्यांच्या दारावरून जायला. सूर हळूहळू जागेवर येत होते. "परत!" कमी झालं. दिवाळी आली आणि गेली, बंद करायचं कोणी बोललं नाही.

पण माझा जीव शांत होईना. आता छोटीला अर्धं वेळेच्या आधी मिळालं पाहिजे, अशा ईर्ष्येने मी पेटलो. जरा सुट्टी मिळाली की मुलीचा हात मापायचा. थंडी सरता सरता मी एक पाऊण व्हायोलिन मागून आणलं आणि ताईंना मुलीसकट वर बोलावलं. "झालं, हात आला! अर्धं तुमचं!"

माझ्या मुलीने पाऊण धरलं. ताईंनी एक नजर टाकली. "भाऊ, कोपर बघा."

कोपर काठीसारखं ताठ. बोटांची टोकं कशीबशी वळणाला टेकलेली.

"करंगळी ठेव चौथ्या सुरावर," ताईंनी सांगितलं. करंगळी पोचेना. मुलगी ओठ चावून मनगट ओढत होती आणि माझ्याकडे बघत होती.

"तेव्हा हिला लहान पडूनही पाव दिलं नाहीत, आता पाऊण मोठं होत असूनही अर्धं देताय," ताई म्हणाल्या. "तुम्हाला बरं वाटावं म्हणून हिने हात का ओढायचा?"

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "ताई, तुम्ही रोज या."

मी पाऊण पेटीत घातलं. छोटी आमच्या दिवाणावर बसून पाव हनुवटीखाली धरून स्वतःचं माप घेत होती. हात लांब केला, बोटं मिटली.

"काका, मला अजून हेच बसतंय," ती म्हणाली. "घाई नाही." मग थोडा विचार करून तिने विचारलं, "पण या गणपतीत पिशवीतून काय काढणार?"

"मेथी," मी म्हणालो. "फक्त मेथी."

"मग हसणार कोण?" ती म्हणाली आणि वाजवू लागली.