अवमल म्हणजे काय

माझे मामा भाषांतरकार. घरात त्यांना सगळे कोशकार म्हणायचे, निम्मं कौतुकाने आणि निम्मं वैतागून. औषधांची माहितीपत्रकं, विम्याच्या अटी, वॉशिंग मशीनच्या पुस्तिका, हाती येईल ते ते मराठीत आणायचे. त्यांची एक शिस्त मात्र कडक होती. जे यंत्र स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं नाही, त्याचं भाषांतर करायचं नाही. एकदा पंपाच्या पुस्तिकेपायी विहिरीत उतरले होते आणि वर येताना चप्पल आतच सोडून आले होते. या शिस्तीचा मला फार अभिमान होता, म्हणून आज जास्त राग येतो. त्यांनी सगळं पाहिलं होतं.

कारखाना आमच्या घरामागेच. तिथे लोखंडाच्या सुट्या भागांवर चकचकीत मुलामा चढवतात. कारखान्याच्या भिंतीला लागून आईची रोपवाटिका. बाबा गेल्यावर तिने ती उभी केली आणि आमची शिक्षणं त्या रोपांवरच झाली. पाणी आमच्याच विहिरीचं. तेच रोपांना, तेच आम्हाला, आणि शेजारच्या घरांनाही तेच.

कारखान्याला वाढायचं होतं. त्यासाठी पर्यावरण खात्याची सुनावणी, आणि सुनावणीआधी प्रदूषण नियंत्रणाच्या अटी पाळल्याचा अहवाल लोकांना त्यांच्या भाषेत वाचायला ठेवायचा, असा नियम. इंग्रजी अहवाल तयार होता. कारखान्याच्या पर्यावरण अधिकाऱ्याने मराठीचं काम मामांना दिलं.

मामा शिस्तीप्रमाणे आत जाऊन आले. संध्याकाळी आमच्याकडे चहाला बसले तेव्हा लहान मुलासारखे खुशीत होते. स्क्रबर म्हणजे उंच टाकी. आम्लाच्या वाफा खालून शिरतात, वरून कॉस्टिक सोड्याच्या पाण्याचा फवारा पडतो, वाफा धुऊन निघतात. बॉयलरच्या धुराड्याआधी प्रेसिपिटेटर. धुरातल्या राखेला विजेचा भार देतात, राख पत्र्यांना चिकटते, हातोडे पत्रे ठोकतात आणि ती खाली पडते. सांडपाण्यात रसायनं आणि चुना घालून त्यातले धातू तळाशी बसवतात, मग तो चोथा यंत्रात दाबून त्याच्या वड्या पाडतात. तो स्लज. आई कुंड्यांत माती भरता भरता ऐकत होती. त्या वड्या ठेवतात कुठे, असं तिने विचारलं. मामा म्हणाले, मागच्या अंगाला खड्डा आहे. मग त्यांनी चहा संपवला.

पहिला खर्डा त्यांनी मला वाचून दाखवला होता. त्यात होतं: 'भट्टी सुरू आणि बंद करताना धूर राख न काढता तसाच बाहेर सोडला जातो. सांडपाण्यातला विषारी चोथा सध्या अस्तर नसलेल्या खड्ड्यात साठवला आहे. त्यातून पाणी जमिनीत झिरपू शकते.' मी म्हटलं, मामा, हे तर शाळेतल्या पोरालाही कळेल. ते लाजले.

अधिकाऱ्याला तो खर्डा पसंत पडला नाही. तो दांडगाई करणारा माणूस नव्हता, मऊ बोलणारा होता. त्याने दोन्ही अहवाल शेजारी ठेवले आणि विचारलं, मूळ इंग्रजीत 'विषारी' कुठे आहे? 'झिरपू शकते' कुठे आहे? नव्हतंच. मामांनी ते खड्डा पाहून घातलं होतं. मग तो म्हणाला की आपल्यासारख्या विद्वानाकडून बोलीभाषा अपेक्षित नव्हती, खात्यात परिभाषा चालते, आणि ही परिभाषा घडवणारं आपल्याशिवाय आहे कोण. मामांच्या दुखऱ्या जागेवर त्याने अचूक बोट ठेवलं होतं. आयुष्यभर वॉशिंग मशीनच्या पुस्तिका लिहिणाऱ्या माणसाला कुणीतरी प्रथमच विद्वान म्हणत होतं.

मामा कोश घेऊन बसले. स्क्रबरचा आर्द्र मार्जक झाला, प्रेसिपिटेटरचा स्थिरविद्युत अवक्षेपक झाला, स्लजचा अवमल झाला. छापून आलेलं वाक्य मला आजही पाठ आहे: 'अवमलाचे अंतरिम संचयन अनास्तरित कुंडात करण्यात येत असून अस्तरीकरण प्रस्तावित आहे.' यात एक शब्द खोटा नाही. खड्डा आहे, त्याला अस्तर नाही, चोथा त्यातच आहे. कारखान्याने सगळं कबूल केलं होतं आणि कबुलीजबाब कुणालाही कळणार नाही याची सोय माझ्या मामांनी करून दिली होती. मुखपृष्ठाच्या आत बारीक अक्षरात त्यांचं नाव होतं.

आईने अहवाल घरी आणला. चष्मा लावून पानं उलटली. मला म्हणाली, काही कळत नाही बाई, पण भाषा किती भारदस्त आहे. मी परगावी नोकरीला निघाले होते, घाईत होते. सुनावणीला मी नव्हते. जे झालं ते शेजारच्या वायरमनने मला नंतर सांगितलं.

मांडव घातला होता, पंखे होते. कारखान्याच्या अधिकाऱ्याने सारांश वाचला आणि लोक देवळात बसल्यासारखे गप्प ऐकत राहिले. मामा व्यासपीठाच्या कडेला खुर्चीवर होते, इस्त्रीच्या कपड्यांत. हरकती विचारल्या तेव्हा वायरमन उठला. त्याने विचारलं, हे अवमल म्हणजे नेमकं काय, आणि ते कुंड आमच्या विहिरीपासून किती लांब आहे? अधिकारी म्हणाला, व्याख्या परिशिष्टात दिली आहे. वायरमन बसेना. तेव्हा पुढच्या रांगेतून माझी आई उठली.

"बस रे," ती म्हणाली. "माझ्या भावाने लिहिलंय ते. आत जाऊन बघून आलाय सगळं. वाकडं काही असतं तर आधी मला सांगितलं असतं त्याने."

लोक हसले, चांगल्या अर्थाने. वायरमन बसला. आईचा शब्द गल्लीत मोडत नसत. मामांनी तिच्याकडे पाहिलं, मग हातातल्या अहवालाकडे पाहिलं, आणि बोलले नाहीत. हरकत नाही, अशी नोंद झाली. कारखान्याला परवानगी मिळाली. शेवटी अधिकाऱ्याने मामांचा शाल देऊन सत्कार केला म्हणे. मराठीची सेवा केली म्हणून.

पुढे नवी शेड आली, चोथा वाढला, अस्तर प्रस्तावितच राहिलं. आधी जास्वंदीच्या पानांच्या कडा करपल्या. आईला वाटलं ऊन लागलं. मग नवी रोपं मातीतून वर येईनात. मग बादलीतलं पाणी पिवळसर दिसायला लागलं. मी येऊन पाणी तपासायला दिलं. मुलाम्यातलं क्रोमियम मर्यादेच्या कितीतरी वर निघालं. खात्याच्या माणसांनी विहिरीवर लोखंडी झाकण बसवून कुलूप घातलं, आणि आईने रिकाम्या कुंड्या एकीत एक घालून भिंतीशी रचल्या. शेजारपाजारच्या बायका यायच्या, बसायच्या. एकीनेही तिला त्या सुनावणीची आठवण करून दिली नाही. त्यांनी एकदा तोंड सोडून भांडायला हवं होतं. तिला ते सोसलं असतं.

मामा बरेच दिवस फिरकले नाहीत. एका दुपारी आले आणि दारातच उभे राहिले. आईने आत बोलावलं, अहवाल त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हणाली, मला यातलं वाच आणि सांग. मी सरळ त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहिले. मला ते त्या क्षणी अजिबात आवडत नव्हते आणि मी ते लपवलंही नाही.

मामांनी पान काढलं. वाचलं नाही, सांगायला लागले. "कारखान्याच्या सांडपाण्यातला विषारी चोथा मागच्या खड्ड्यात टाकतात. खड्ड्याला खाली काही घातलेलं नाही. पावसाचं पाणी त्यात पडतं, मुरतं, आणि आपल्या विहिरीत येतं."

आईचे हात मांडीवर होते. त्यांच्यावर आता सारखे चट्टे असतात. तिला रडू येईल असं मला वाटलं होतं, पण आलं नाही.

"एवढंच होतं?" तिने विचारलं. "आणि हे असं सांगता येत होतं तुला?"

मामा हो म्हणाले.

आई मामांना जन्मापासून दादा म्हणत आलेली. ती उठली, दार उघडून धरलं आणि म्हणाली, "निघा आता तुम्ही."