विश्रामबागलाच या

आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलं होतं. त्याच्या आत एकदा श्रवणबेळगोळला जाऊन यायचं, डोंगरावर डोलीनं जाईन पण जाईन, असा तिचा हट्ट. यात्रेच्या गाडीत सीट मिळाली. गाडी साताऱ्याहून निघणार, सांगलीतले लोक घेऊन पुढं जाणार. टूरवाल्याचा मेसेज होता, 'सांगली पिकअप विश्रामबाग. साडेपाचला हजर राहा. गाडी थांबणार नाही.'

आता विश्रामबाग म्हणजे काही एक खांब नाही. चौक, रेल्वे स्टेशन, गणपतीचं देऊळ, शंभर फुटी रस्ता, सगळंच विश्रामबाग. मी फोन लावला.

"दादा, विश्रामबागला नेमकं कुठं?"

"विश्रामबागलाच या की."

"व्हय, पण चौकात का स्टेशनाकडं?"

"तुमी या तर. सगळी तिथंच येत्यात."

पाच मिनिटांनी मी आत्याच्या फोनवरून, खोकत, म्हाताऱ्याचा आवाज काढून परत लावला. कॉलेजात सरांपासून शिपायापर्यंत सगळ्यांचे आवाज काढतो मी, हा तर सोपा होता. म्हाताऱ्याची तरी दया येईल अशी आशा होती.

"बाळा, माजं वय झालंय. गाडी कुटं लागंल?"

"आजोबा, विश्रामबागलाच या की."

लोकेशन मागितलं तर त्यानं मॅपवर विश्रामबाग लिहून जी टाचणी पडते तीच पाठवली. टाचणी कुणाच्या तरी बंगल्याच्या अंगणात होती.

सव्वापाचला आम्ही चौकात रिक्षातून उतरलो. माझ्याकडं आत्याची बॅग, तिच्याकडं काठी आणि डब्याची पिशवी. आम्ही जैन, आत्या सूर्य मावळल्यावर पाणीसुद्धा घेत नाही. सहाच्या आसपास दिवस मावळणार होता. पण गाडी सापडल्याशिवाय डबा उघडणार नाही म्हणाली.

चौकात लांबच्या गाड्यांची माणसं पुष्कळ होती, पण पुण्याला निघालेली. एका पानवाल्याला विचारलं.

"यात्रेची व्हय? स्टेशनकडं बघा. न्हाईतर देवळापाशी. कवा कवा हितंच लागती."

आत्या माझ्याकडं बघत होती. मी टूरवाल्याच्या आवाजात म्हणालो, "आजी, विश्रामबागलाच उभ्या हाय तुमी."

"बास रं. एकदा हुकली की ऑपरेशन झाल्यावर कोन नेतंय मला?"

 तेवढ्यात ड्रायव्हरचा नंबर आला. नंबर गाडी यायच्या जेमतेम अर्धा तास आधी देतात, म्हणजे कुणी आधीपासून डोकं खाऊ नये. ड्रायव्हर इस्लामपूर ओलांडून सांगलीच्या जवळ आला होता.

"विश्रामबागला कुठं लावणार, भाऊ?"

"मला काय सांगली म्हाईत न्हाई. जिथं माणसं जास्त दिसतील तिथं ब्रेक. सांगितलंयच तसं."

म्हणजे टूरवाला काही लपवत नव्हता. त्याच्याकडं ठरलेली जागाच नव्हती. गाडी माणसं शोधणार आणि माणसं गाडी शोधणार. मी आत्याला हे सांगितलं. मला वाटलं ती रडेल. ती काठीवर भार देऊन आभाळाकडं बघत राहिली. समोरच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर तेवढं ऊन उरलं होतं.

"आपल्या गाडीत सगळी आपलीच न्हवं?" तिनं विचारलं.

"व्हय, श्रवणबेळगोळला दुसरं कोन जातंय?"

"मग आता डबं कुटं उघडल्यात ते बघ जा."

मी आधी हसलो, मग पळालो. स्टेशनच्या वाटेवर एकजण वडापाव खात होता, तो काही आपला दिसेना. देवळापाशी कुणीच नव्हतं. शंभर फुटीच्या कोपऱ्यावर, बंद शटरच्या पायऱ्यांवर, आठ-दहा बायका आणि चार माणसं ओळीनं बसली होती. प्रत्येकाच्या मांडीवर स्टीलचा डबा. घाईघाईनं, न बोलता जेवत होती. एक काकू घड्याळाकडं बघून शेवटचा घास गिळत होती.

"बेळगोळ?" मी विचारलं.

तोंडात घास, म्हणून तिनं मान हलवली.

रिक्षा करून आत्याला तिथं आणलं. तिच्यासाठी पायरीवर जागा झाली. भाकरीचे चार घास, भाजी, वर तांब्याभर पाणी, एवढं ऊन असेपर्यंत झालं. डब्याचं झाकण लागतंय तोवर साताऱ्याच्या पाटीची पांढरी गाडी लांबून हळूहळू, फुटपाथ हुंगत आल्यासारखी आली. माणसांची रांग दिसली तशी थांबली.

ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "विश्रामबाग हेच का?"

मी तोंड उघडणार होतो. टूरवाल्याचा आवाज तयार होता.

"हेच," आत्या म्हणाली, आणि काठी माझ्या हातात देऊन दांडी धरून चढायला लागली.