खांबताई आणि कानामागचा ट्रेंड

कानाची मशीन विकणाऱ्या दुकानानं ट्रेंडिंग गाण्यावर नाचायचं ठरवलं, तेव्हा मी म्हटलं, चला, आता चष्म्याच्या दुकानांनी आंधळी कोशिंबीर सुरू करायला हरकत नाही. नाचणारा तंत्रज्ञ, टाळ्या वाजवणारी रिसेप्शनवरची मुलगी आणि खाली गाण्याच्या शब्दांची एक ओळ नाही. ज्यांच्यासाठी दुकान थाटलंय त्यांना गाणं ऐकू येत नाही, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. एका बाईच्या सोडून.

तिला सगळे खांबताई म्हणायचे. चेष्टेनंच. दुकानाचं सोशल मीडियाचं पेज ती चालवायची आणि दर बैठकीत तिचं एकच पालुपद असायचं, "आधी खांब ठरवू, मग रोजचं टाकू." खांब म्हणजे तिच्या धंद्यातले कंटेंट पिलर. पेजवर कायम कुठल्या तीन-चार विषयांवर बोलायचं, ते. आणि ते विषय आकाशातून पडत नाहीत, दुकान कोणासाठी आहे आणि शेजारच्या दुकानापेक्षा वेगळं काय देतं, त्यातून निघतात, असं ती म्हणायची. मी कमी ऐकू येणाऱ्यांची संघटना चालवते, स्वतःही दोन्ही कानांत मशीन घालते. जाहिरातवाल्या माणसांवर माझा काडीचा विश्वास नाही. पण ही बाई बोलली की मी आवाज वाढवून ऐकायचे.

दुकानाचं वेगळेपण काय, तर ते फार साधं होतं. समोरच्या चौकातला सवलत देतो. मॉलमधला शपथा घेतो, मशीन कुणाला दिसणारच नाही. हे दुकान म्हणायचं, मशीन घेतलंत की आमचं काम संपत नाही, तुम्हाला त्याची सवय लागेपर्यंत आम्ही सोबत आहोत. आणि ते खरंही होतं. नवं मशीन कानात घातलं की भांड्यांचा आवाज अंगावर येतो, स्वतःचं बोलणं डब्यातून आल्यासारखं वाटतं. लोक वैतागून ते कपाटात टाकतात. इथे पुन्हा पुन्हा बोलावून आवाज जुळवून देत.

खांबताईनं त्यातूनच चार खांब काढले होते. सवय लागतानाचे पहिले आठवडे. मशीनची साफसफाई. घरच्यांनी कसं बोलायचं. आणि गिऱ्हाइकांना विचारायला लाज वाटते ते प्रश्न. प्रत्येक व्हिडिओखाली मजकूर, बोलणाऱ्याचा चेहरा समोर. ट्रेंडशी तिचं वैर नव्हतं. 'आधी आणि नंतर' दाखवायची टूम आली तेव्हा तिनं मशीनची मळ साचलेली जाळी आणि स्वच्छ जाळी दाखवली. लोकांनी तो व्हिडिओ जपून ठेवला, एकमेकांना पाठवला.

मग मालकांचे मेहुणे आले. कुठल्याशा कंपनीतून कंटाळून बाहेर पडलेले, म्हणजे कंपनीच कंटाळली असावी. त्यांनी पहिल्याच दिवशी पेज पाहून नाक मुरडलं. "दाजी, हे पेज आहे की दवाखान्याची पाटी?"

झालं. नाच सुरू झाले. व्ह्यूजचा आकडा फुगला, मालकांची छातीही. तपासणीची वेळ मागणारे मेसेज मात्र आटले. खांबताईनं समजावलं, "सर, नाच बघायला आलेल्यांना पुढेही नाचच हवा असणार. त्यांच्यासमोर जाळीची सफाई आली की ते पुढे सरकतात. मग ती कुणालाच नको असं अ‍ॅप धरतं आणि आपल्या माणसांपर्यंतही कमीच पोचवतं."

"तुला हेवा वाटतोय," मेहुणे म्हणाले. विद्वत्ता म्हणतात ती हीच.

मी आमच्या संघटनेच्या शिबिराची तारीख ठरवायला दुकानात गेले, त्या दिवशी आत वेगळंच पेटलं होतं. नवीन ट्रेंड आला होता. माणसाच्या मागे उभं राहून हळूच काहीतरी वात्रट बोलायचं, त्याला कळत नाही याचा व्हिडिओ करायचा. आणि हा ट्रेंड करायला जगात इतकी दुकानं असताना मेहुण्यांनी निवडलं कानाच्या मशीनचं दुकान! बसायच्या जागेतल्या एका काकूंच्या मागे उभं राहून त्यांनी काहीतरी म्हटलं होतं. तंत्रज्ञ तोंड दाबून हसत होता. काकू खुर्चीत बसून पिशवीचा बंद सारखा करत होत्या. मशीन त्यांनी नुकतंच घेतलं होतं, जुळवायला काढून आत दिलं होतं.

"संध्याकाळपर्यंत टाक," मालक खांबताईला म्हणाले. "नाहीतर उद्यापासून पेज हा बघेल, तू दुसरीकडे बघ."

"नाही टाकणार."

"नोकरी आहे ही, आंदोलन नाही."

आंदोलन हा शब्द माझ्यासमोर उच्चारायची काही गरज नव्हती. मी तोंड उघडलं, तेवढ्यात खांबताईनं मला हातानं थांबवलं. ती चिडली होती, कानशिलं लाल झाली होती, पण आवाज चढला नाही.

"सर, आपण लोकांना काय सांगतो? एका वाक्यात सांगा."

"सवय लागेपर्यंत सोबत," मालक कुरकुरत म्हणाले. पाटीवरच लिहिलं होतं.

"मग हा व्हिडिओ त्यात कुठे बसतो ते दाखवा. मी आत्ता टाकते."

"बाई, जग बदललंय," मेहुणे मध्ये पडले. "लोकांना मजा पाहिजे."

"कुठल्या लोकांना? काकूंना विचारा की. व्हिडिओ त्यांचाच आहे."

मेहुण्यांना वाटलं, म्हातारी बाई, कौतुकानं हसेल. त्यांनी फोन काकूंसमोर धरला. तंत्रज्ञानं आतून मशीन आणून दिलं होतं, काकूंनी ते कानात घातलं आणि फोनकडे पाहत राहिल्या. फोनवर गाणं वाजत होतं, त्याखाली बोलणं दबलं होतं. पडद्यावर त्यांची पाठ, मागे हसणारी तोंडं. संपल्यावर त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं.

"काय म्हणाला होतास मागे?"

"काही नाही हो काकू, गंमत."

"गंमत काय, तेच विचारतेय."

मेहुण्यांनी मालकांकडे पाहिलं. मालकांनी भिंतीकडे. दुकानात एवढे बोलघेवडे जमलेले, पण ते वाक्य काकूंच्या तोंडावर बोलायला एकही जीभ वळेना.

काकूंनी मशीन कानातून काढलं आणि टेबलावर ठेवलं. "घरी सगळे असंच करतात. मागे बोलतात, हसतात, विचारलं की काही नाही म्हणतात. म्हणून तर हे घेतलं होतं."

त्या पिशवी उचलून निघाल्या. मालक काउंटरच्या मागून धडपडत बाहेर आले, दारात आडवे आले. "काकू, माफ करा. मिटवतो तो व्हिडिओ. बसा." तोंडासमोर येऊन, सावकाश बोलले. तेवढं तरी विसरले नव्हते.

काकू बसल्या नाहीत, गेल्याही नाहीत.

मेहुण्यांनी व्हिडिओ मिटवला. पुसताना "तरी पाच लाख व्ह्यूज मिळाले असते" असं पुटपुटले. मी म्हटलं, "मोठ्यानं बोला, मला ऐकू येतं." मालकांनी त्यांना मागच्या खोलीत पाठवलं, मशीनच्या पेट्या मोजायला. त्या कामात ट्रेंड येत नाही.

मग मालक खांबताईकडे वळले. माफी वगैरे काही नाही, मालकच ते. "तुझे ते खांब पुन्हा सांग."

"सांगते. नाच पेजवरून काढायचे आधी."

"सगळे?"

"खाली मजकूर असलेला एक तरी आहे का?"

नव्हता.

ती टेबलावरचं मशीन उचलून दारातल्या काकूंसमोर जाऊन उभी राहिली, तोंड त्यांच्या तोंडासमोर धरून. "काकू, पहिल्या आठवड्यात काय काय त्रास झाला, तुम्ही सांगाल? तुमच्यासारख्या बाकीच्यांसाठी. नको असेल तर नको. टाकायच्या आधी तुम्हाला दाखवीन."

काकूंनी मशीन घेतलं, कानात बसवलं, आवाज टोचल्यासारखा चेहरा केला.

"सांगते," त्या म्हणाल्या. "पण फोन समोर धर. मागे कुणी उभं राहायचं नाही."