थांबण्याचं बक्षीस

आमचा साखर कारखाना मुंबईच्या एका कंपनीनं विकत घेतला, तेव्हा मी टाइम ऑफिसात हजेरी कारकून होतो. मालक बदलताना जाणती माणसं पळू नयेत म्हणून नव्या कंपनीनं नऊ जणांना पत्रं दिली. वर ठळक अक्षरात लिहिलं होतं, थांबण्याबद्दल बक्षीस. त्या नऊ जणांत मीही होतो, कारण जुन्या हजेरीपटांचा घोळ मलाच कळायचा. आणि पॅनमन मामा होते.

पॅन म्हणजे रस आटवून साखरेचा दाणा धरायचं भलंमोठं भांडं. मामा त्यातला पाक काचेच्या पट्टीवर घ्यायचे, उजेडाला धरायचे आणि 'आला' म्हणायचे. चीफ केमिस्टसुद्धा त्या 'आला'ची वाट बघत उभा राहायचा. मामांना अक्षरओळख नव्हती, म्हणून इंग्रजी पत्र मीच मराठीत सांगितलं. सहा महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम. निम्मी कारखाना ताब्यात घेतील त्या दिवशी, निम्मी पुढचा हंगाम संपल्यावर. तोवर सोडून जायचं नाही आणि लेखी परवानगीवाचून दुसरीकडं काम करायचं नाही. अट मोडली तर उरलेली निम्मी बुडाली आणि घेतलेली निम्मीही पगारातून कापून परत. कंपनीनंच विनादोष काढलं, तर मात्र सगळी मिळणार.

"मी कशाला सोडून जातोय, भाऊसाहेब?" असं म्हणून मामांनी अंगठा दिला.

मामींच्या पोटात गाठ होती. पहिली निम्मी रक्कम नगरच्या दवाखान्यात तपासण्या आणि औषधांतच गेली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन वर्षभर लांबवता येईल, त्यापुढं नाही. म्हणजे दुसरी निम्मी ऑपरेशनची, हे सगळ्या कॉलनीला ठाऊक होतं.

हंगाम संपला की आमच्याकडं हंगामी माणसांना निम्मा पगार मिळायचा आणि ती मोकळी व्हायची. मामा दर साली मद्रासकडच्या एका कारखान्यात जात, तिकडं गाळप पावसाळ्यात चालायचं. जाण्याआधी प्रत्येकानं टाइम ऑफिसच्या वहीत पत्ता लिहून ठेवायचा, म्हणजे बॉयलर पेटवायच्या वेळी तार करता येई. त्याही साली मामा पिशवी घेऊन टेबलापुढं आले.

"जाऊ ना, भाऊसाहेब? चार पैसं हातात येतील. औषधं लई महाग झाल्यात."

"जा की खुशाल!" मी म्हणालो आणि पत्ता लिहून घेतला. अरे, ज्या तोंडानं अट वाचून दाखवली त्याच तोंडानं! माझं डोकं तेव्हा काय गहाण पडलं होतं? खरं सांगायचं तर ते जाणं इतकं अंगवळणी पडलं होतं की त्याला काम म्हणतात हे ना त्यांना सुचलं, ना मला.

मामा वेळेवर परत आले. पुढचा हंगाम त्यांनी एक पाळी न चुकवता काढला. हंगाम संपला आणि दुसरी निम्मी वाटायच्या आधी मुंबईचा एक साहेब तपासणीला आला. मेला गोड बोलणारा, पांढरा शर्ट घातलेला. त्यानं पत्त्याची वही मागितली. सरळ मामांच्या ओळीवर बोट ठेवलं.

"अक्षर कुणाचं?"

"माझं."

"तिथं काम केलं त्यानं?"

"होय."

"परवानगी दिली होती?"

"लेखी नाही," मी म्हणालो.

मामांना आत बोलावलं. ते हात जोडून म्हणाले, "सायेब, मी चोरून न्हाई गेलो. ह्यांनीच म्हनलं हुतं, जा खुशाल. इचारा की ह्यास्नी!"

साहेबानं माझ्याकडं पाहिलं. माझं बक्षिसाचं पत्र त्याच्या हाताखालीच होतं, दुसरी निम्मी द्यायची सही अजून त्यावर व्हायची होती. माझ्या शब्दानं त्या लेखी अटीत फरक पडला असता की नाही, देव जाणे. पण निदान मामांची बाजू कागदावर आली असती.

"मला आठवत नाही," मी म्हणालो.

मामा भांडले नाहीत. टोपी सारखी करून बाहेर पडले. मला माझी निम्मी संध्याकाळी मिळाली आणि मी ती घेतली. थू माझ्या जिनगानीवर!

मामांची दुसरी निम्मी बुडाली आणि पहिलीची वसुली दहा हप्त्यांत करायची ठरली. ऑपरेशन झालं नाही. मामा कारखाना सोडून जाऊ शकले असते, पण मग उरलेली सगळी रक्कम एकदम हिशेबातून कापली असती. त्या साली ते मद्रासकडं गेले नाहीत, पॅनच्या दुरुस्तीवर रोजच्या हजेरीनं येत राहिले, माझ्या टेबलापुढून जाताना नमस्कारही करत राहिले. तो नमस्कार मला सोसत नसे.

श्रावणात मामी गेल्या. कपातीचा तक्ता लिहायचं काम माझ्याकडंच होतं. त्या महिन्यात मामांचे चौदा दिवस बिनपगारी धरले आणि उरलेल्या पगारातून चौथा हप्ता कापला.